सूर्यग्रहण परातीतल्या पाण्यात पाहताय? या चुका टाळा

चंद्रग्रहणाला डोळ्यांवर काहीच लावावं लागत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाएवढाच उजळ असतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की आणखी मंदावतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण दुर्बिणीतूनही बेधडक पाहता येत होतं. तोच हिशोब सूर्यग्रहणाला लावणं ही पहिली चूक. सूर्याची कोर उरली तरी ती कोर तेवढीच प्रखर असते. उजेड कमी झाल्यामुळे बाहुली मोठी होते, डोळे दिपत नाहीत आणि माणूस बघत राहतो. नेत्रपटलाला वेदना कळत नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो तो काही तासांनी.

दुसरी चूक मराठवाड्यात घरोघरी होते: परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात सूर्य बघायचा. प्रतिबिंब पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावरून येतं, त्यामुळे खाली हळद असो की शेण, त्याची प्रखरता कमी होत नाही. सूर्य डोक्यावर असताना पाणी सुमारे दोन टक्के प्रकाश परत फेकतं. प्रमाणित ग्रहण-चष्मा फार तर तीस हजारावा भाग आत सोडतो, म्हणजे परातीतून त्याच्या सहाशे पट प्रकाश डोळ्यात जातो. सूर्य कलल्यावर तर प्रकरण आणखी बिघडतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतल्या त्या ग्रहणात, सूर्य ग्रासलेलाच मावळला. क्षितिजापासून दहा अंशांवरचा सूर्य पाण्यात पाहिला तर त्याच्यापासून येणारा जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश परत फेकला जातो. "आजोबा असंच बघायचे" हे उत्तर आता पुरे करा.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल: तिन्ही नकोत. त्यांतून न दिसणारे अवरक्त किरण आत येतात. वेल्डिंगची काच १४ नंबरचीच हवी. गॅस वेल्डिंगची पाच नंबरची अजिबात चालत नाही. चष्म्यातून घरातला बल्ब दिसला किंवा त्यावर ओरखडा असला तर तो फेकून द्या. आणि चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावू नका. भिंगाने एकवटलेलं ऊन चष्म्याची फिल्म जाळून टाकतं.

माझी सवय आरशाची. दाढीच्या आरशावर जाड कागद चिकटवा, मधे पाच-सहा मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा उन्हात, ओसरीच्या कडेला, विटेला टेकवून बसवा आणि कवडसा दहा मीटर आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडा. सूर्याचं बिंब नऊ सेंटिमीटरचं मिळतं, त्यातला ग्रास घरातल्या सगळ्यांना एकदम दिसतो. भोक गोल नसलं तरी बिंब गोलच येतं. बिंब धूसर दिसलं तर भोक लहान करा, फिकट दिसलं तर खोली आणखी अंधारी करा. सूर्य सरकतो म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी आरसा हलवावा लागतो. घाई करणारे इथेच कंटाळून वर बघतात. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. आरसा आदल्या दिवशी त्याच वेळी लावून पाहा, आणि कवडशाच्या वाटेत मुलांना उभं राहू देऊ नका.