कुंडीतला कढीपत्ता वाढत नाही? खत शेवटी घाला

दोन फूट उंच एकच काठी, खालचा भाग उघडा आणि शेंड्याला चार-पाच पानं. कुंडीतला कढीपत्ता बहुतेक वेळा असाच दिसतो आणि आपण लगेच त्याला खत घालतो. पण ऊन नसताना आणि मुळ्या ओलसर मातीत गुदमरत असताना खत घालून झाड सुधारत नाही, उलट मुळ्यांना त्रास होतो.

आधी पानगळ कशामुळे आहे ते बघा. रात्री तापमान १५ अंशांच्या खाली जात असेल, तर पानं पिवळी पडून गळणं या झाडाला नवीन नाही. अशा वेळी पाणी कमी करा आणि ऊब परत येईपर्यंत खत आणि छाटणी दोन्ही थांबवा. थंडी नसतानाही पानं गळत असतील, तर मातीत दोन इंच बोट घाला. माती सतत ओली लागली, तर निचऱ्याचं भोक तपासा. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. काठी वाळल्यासारखी वाटली तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे.

मग ऊन. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीतलं झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं करपतात. आठ-दहा दिवस सकाळच्या उन्हात ठेवा आणि मग हळूहळू वेळ वाढवा.

ऊबदार दिवसांत झाड उन्हाला सरावलं की छाटणी करा. जीव तुटतो, पण ती काठी जवळजवळ निम्मी कापा. पान गळून गेल्यावर खोडावर जी खूण राहते, तिच्या किंचित वर धारदार कात्रीने तिरका काप घ्या. शेंडा गेला की खालचे डोळे जागे होतात आणि एका काठीच्या दोन-तीन फांद्या होतात. पुढेही सुटी पानं ओरबाडण्यापेक्षा शेंड्याकडची कोवळी डहाळी खुडा, म्हणजे तोडणीतच छाटणी होते. शेंड्याला कळ्यांचा झुपका आला तर तोही काढा. फुलांवर गेलेली फांदी पुढे वाढत नाही.

नवे कोंब दोन-तीन इंचांचे झाले की खत. दहा-बारा इंचांच्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत महिन्यातून एकदा पुरतं. माती वरवर हलवून ते मिसळा आणि पाणी द्या. जुनी पानं सगळीच पिवळसर असतील तर नत्र कमी पडतंय, ते यातून भरून निघतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर लोह कमी पडतंय. पाणी क्षारयुक्त असलं की हे बऱ्याचदा होतं. तिथे चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज शोषता येणाऱ्या लोहाची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर करा. आधी पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, फरक पुढच्या पालवीत बघा.