चेकवरील रक्कम स्लिपवर कशी उतरवावी: आधी अक्षरे, मग आकडे

बँकेच्या भरणा स्लिपवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत. चेकवरही ती तशीच दोनदा लिहिलेली असते. म्हणजे चेकवरून स्लिप भरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी वाचून दोन गोष्टी उतरवायच्या असतात. प्रत्यक्षात बहुतेक जण त्यातील एकच वाचतात, ती म्हणजे चौकटीतला आकडा, आणि अक्षरी रक्कम मनानेच तयार करून लिहून टाकतात. रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर मी बरीच वर्षे वह्या लिहिल्या आणि स्लिपा भरल्या. त्या काळात माझ्या हातून झालेल्या चुका आणि इतरांच्या मी पकडलेल्या चुका यांचे मूळ जवळजवळ नेहमी याच सवयीत सापडले.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतो. केळीच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, एक चेक आहे. वजनातून कटती आणि इतर कपात जाऊन आलेली ही रक्कम असल्यामुळे ती गोल नाही. अक्षरी रक्कम आहे ‘एक लाख त्रेसष्ट हजार एकोणपन्नास फक्त’ आणि चौकटीत आकडा आहे १,६३,०४९/-. रक्कम साधीच दिसते, पण मराठी माणसाला चकवणाऱ्या तीन जागा तिच्यात एकत्र आल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे आकड्याच्या चौकटीवर पट्टी किंवा बोट ठेवून ती झाकणे आणि फक्त अक्षरी ओळ वाचणे. आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की अक्षरे आपण वाचत नाही, ती त्या आकड्याशी जुळतात असे गृहीत धरतो. अक्षरांना आधी मान देण्याला कायद्याचाही आधार आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १८ नुसार अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असेल, तर अक्षरी रक्कम हीच देय रक्कम मानली जाते.

दुसऱ्या पायरीत कोऱ्या कागदावर चार घरे आखावीत: लाख, हजार, शेकडा आणि उरलेले. लाखाच्या घरात दोन अंकांपर्यंत जागा ठेवावी, हजारात दोन, शेकड्यात एक आणि शेवटच्या घरात दोन. अक्षरी ओळ वाचत जावे आणि ज्या घराचा शब्द येईल त्या घरात अंक भरावेत. आपल्या उदाहरणात लाखात १, हजारात ६३ आणि शेवटी ४९ येतात. ‘शे’ हा शब्द ओळीत कुठेच नाही, म्हणून शेकड्याच्या घरात शून्य भरावे लागते. अक्षरे शून्य उच्चारत नाहीत, आकड्यात मात्र ते लिहावेच लागते. हे शून्य गळाले की ‘१,६३,४९’ असे काहीतरी कागदावर येते. स्वल्पविराम चुकीच्या जागी पडल्यामुळे ते लगेच खटकायला हवे, पण घाईत तोच आकडा १६,३४९ म्हणून पुढे जातो. शेवटचे घर दोन अंकांचे असते हेही विसरू नये. ‘एक लाख त्रेसष्ट हजार पाच’ असे असेल तर शेवटी ५ नव्हे, ०५ भरायचे असते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिथली चूक आपल्या भाषेच्या घडणीतून येते. मराठीत एकवीसपासून पुढच्या संख्यांत एकक आधी बोलले जाते आणि दशक नंतर. ‘त्रेसष्ट’ म्हणताना कानावर आधी तीन पडते, मग साठ, आणि लिहिताना मात्र सहा आधी येतो. ऐकून लिहिणाऱ्याचा हात कानामागे धावतो आणि ६३ चे ३६ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात मला पडायचे नाही, पण त्या रीतीमागची अडचण खरी आहे, हे स्लिपा भरणारा कोणीही सांगेल. चेकवर मात्र ‘साठ तीन’ असे लिहू नये, तिथे रूढ शब्दच असावा.

यावर उपाय असा की शब्दाची शेपूट आधी वाचावी. शेवटी ‘-वीस’ असेल तर दशक दोनाचे, ‘-तीस’ तीनाचे, ‘-चाळीस’ चाराचे, ‘-पन्न’ किंवा ‘-वन्न’ पाचाचे, ‘-सष्ट’ सहाचे, ‘-हत्तर’ साताचे, ‘-ऐंशी’ आठाचे आणि ‘-ण्णव’ नवाचे. हा अंक आधी लिहावा आणि मगच शब्दाच्या डोक्याकडे यावे. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी आणि त्र्याण्णव या तिघांचे डोके एकच आहे, शेपटी मात्र तीन आहेत. घाईने वाचणारा डोक्यावरच थांबतो, म्हणून तो फसतो.

या नियमाला ‘एकोण’ हा अपवाद आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद हे आठच शब्द आहेत. त्यांत शेपटीचे दशक एकाने कमी करून पुढे नऊ लिहायचा असतो. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, म्हणून ४९. इथे दोन प्रकारे घसरायला होते. एक जण ‘पन्नास’ ऐकून ५ लिहितो आणि पुढे नऊ जोडून ५९ करतो. दुसरा ‘एकोण’ आणि ‘एका’ यांत घोटाळा करून ५१ लिहितो, जो खरे तर एकावन्न आहे. नव्व्याण्णव या कुळातला नाही, कारण ‘एकोणशंभर’ असे आपण म्हणत नाही.

आमच्या भागाची एक वेगळी अडचणही सांगायला हवी. रावेरहून मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर जवळ आहे, त्यामुळे केळीच्या आणि कापसाच्या व्यवहारात हिंदीत लिहिलेले चेक हाती पडतात. हिंदीतही एकक आधीच येते, पण शब्दांची रूपे वेगळी असतात. ‘तिरसठ’ म्हणजे ६३ आणि ‘उनचास’ म्हणजे ४९ हे सवयीने कळते, मात्र ‘उन्यासी’ ७९ आणि ‘नवासी’ ८९ यांत भलेभले अडखळतात. इंग्रजी चेकची गोष्ट उलटी आहे. ‘सिक्स्टी थ्री’ वाचून थेट ६३ लिहिले तर क्रम बरोबर येतो. मनातल्या मनात आधी ‘त्रेसष्ट’ म्हटले आणि मग अंक लिहिले, तर नको असलेली एक उलटापालट आपणच मधे घुसवतो.

घरे भरून झाली की चौथ्या पायरीत चौकटीवरची पट्टी काढावी आणि चेकवरचा आकडा डावीकडून एकेक अंक वाचून घरांशी ताडून पाहावा: एक, सहा, तीन, शून्य, चार, नऊ. इथे ‘त्रेसष्ट’ म्हणायचे नाही. आकडा देवनागरीत असेल तर आणखी जपावे लागते, कारण देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा, ४ हा इंग्रजी आठसारखा आणि ७ हा उलट्या बाजूने पाहिलेल्या इंग्रजी सहासारखा दिसतो. आपल्या आकड्यातला पहिला अंक १ की नऊ, अशी शंका आली तर तिचे उत्तर आकड्याकडे टक लावून मिळत नाही. ‘एक लाख’ हे शब्द ते देतात.

पाचव्या पायरीत स्लिप भरायची. चेकच्या आकड्यावरून स्लिपचा आकडा लिहावा आणि चेकच्या अक्षरांवरून स्लिपची अक्षरे लिहावीत. आपण नुकत्याच लिहिलेल्या आकड्यावरून अक्षरे कधीही तयार करू नयेत. तसे केले की चुकीचा आकडा आणि चुकीची अक्षरे एकमेकांशी तंतोतंत जुळतात, आणि स्लिप कितीही वेळा तपासली तरी ती बरोबरच वाटते. पैशांचा रकाना वेगळा असेल तर त्यात ०० लिहावे. अक्षरी रकमेत ‘सव्वा लाख’, ‘पावणेदोन लाख’ असे बाजारातले शब्द वापरू नयेत. शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढावी. काउंटरफॉइलवरचा आकडाही चेक पाहूनच लिहावा.

दोघे मिळून काम करत असतील, एक सांगणारा आणि एक लिहिणारा, तर रक्कम दोनदा सांगावी. पहिल्यांदा सुटे अंक सांगावेत, दुसऱ्यांदा पूर्ण अक्षरी रक्कम. एका संध्याकाळी सोबत्याने ‘त्रेसष्ट हजार’ एवढेच सांगितले, मी ३६ लिहिले आणि अक्षरेही ‘छत्तीस हजार’ अशीच करून टाकली. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाने चेक आणि स्लिप शेजारी ठेवली, काही न बोलता कोरी स्लिप पुढे केली आणि मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. चेक पेटीत टाकलेला असता तर ही चूक त्या दिवशी कळलीही नसती.

अशी चूक नंतर वही जुळवताना सापडते, तेव्हा फरकाला नऊने भागून पाहावे. १,६३,०४९ मधून १,३६,०४९ वजा केले की २७,००० उरतात. त्यांना नऊने पूर्ण भाग जाऊन ३,००० येतात, म्हणजे हजाराच्या घरात तीनाचा फरक असलेले दोन शेजारी अंक उलटले आहेत. सहा आणि तीन हेच ते अंक. शून्य जागचे हलले असेल तरीही नऊने भाग जातो. १,६३,४९० लिहिले गेले असेल तर फरक ४४१ येतो, म्हणजे नऊ गुणिले ४९. मात्र एकोणपन्नासचे ५९ झाले असतील तर फरक १० चा येतो आणि ५१ झाले असतील तर २ चा. या दोन्हींना नऊने भाग जात नाही. तेव्हा फरक १० किंवा २ दिसला की आधी ‘एकोण’चे शब्द शोधावेत.

चेकवरच अक्षरे आणि आकडा जुळत नसतील तर पुढे जाऊ नये. कलम १८ आपल्या बाजूने आहे म्हणून तो चेक भरायला जाणे व्यवहारात उपयोगी पडत नाही, कारण बँका असा चेक ‘अक्षरी व आकडी रकमेत फरक’ या कारणाने परत करू शकतात. त्यावर स्वतः काही खोडू किंवा गिरवू नये. चेक देणाऱ्याने खोडून शेजारी सही केली तरी भागत नाही. आता चेकचा कागद बँकेतून बँकेत जात नाही, त्याची छायाप्रतिमा जाते, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१० पासूनच्या नियमांनुसार अशा प्रकारे चेक वटवताना तारखेखेरीज दुसरी कोणतीही दुरुस्ती चालत नाही. नवा चेकच मागावा. रक्कम मोठी असेल तर चेक देणाऱ्याने आपल्या बँकेला तिची आगाऊ माहिती कळवली आहे का, तेही त्याच वेळी विचारावे. ही व्यवस्था १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार आणि त्यावरील रकमांच्या चेकसाठी सुरू आहे. तिथे कळवलेला आकडा नव्या चेकशी जुळला नाही, तर स्लिप कितीही अचूक भरली तरी चेक अडकू शकतो.