यूट्यूबचे डॉलर खानदेशातल्या बँकेत येईपर्यंत: कुठे किती कापले जाते आणि ते कमी कसे करावे

चाळीसगाव तालुक्यातल्या एक ताई कळण्याची भाकरी, शेवभाजी, फुनके असे पदार्थ अहिराणीत बोलत करून दाखवतात. चॅनेल चांगले चालते. पहिले पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी पासबुक घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मना पैसा कथा ग्यात?" स्क्रीनवर दिसत होते १४० डॉलर, पण खात्यात आलेली रक्कम कशाशीच जुळेना. मी हिशेबाची कामे करतो. त्यांच्याच आकड्यांवरून सगळा प्रवास मांडतो.

पैसे कमावण्याची परवानगी मिळाली की अॅडसेन्सचे खाते उघडते. त्यात १० डॉलर जमले की गुगल तुमच्या पत्त्यावर टपालाने सहा आकडी पिन पाठवते. तो भरला नाही तर पैसे अडकतात. गावातल्या पत्त्यावर पत्र हरवते ते बहुतेक पत्ता अर्धवट लिहिल्यामुळे. गल्ली, घरमालकाचे नाव, पोस्ट आणि तालुका हे सगळे लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. शिल्लक १०० डॉलरवर गेली की पैसे निघतात. मागच्या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान पक्की होते आणि २१ ते २६ च्या दरम्यान रवाना होते. शंभर भरले नाहीत तर रक्कम पुढच्या महिन्यात ओढली जाते, बुडत नाही.

आधी अमेरिकेचा फॉर्म

सगळ्यात मोठी गळती इथे होते, आणि ती फुकटात थांबते. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर गुगल आधीच कापून घेते. फॉर्म भरलाच नाही तर व्यक्तीच्या खात्यावर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्यावर १५ टक्के कापले जातात.

ताईंच्या १४० डॉलरपैकी अमेरिकेचे होते २० डॉलर. तिकडे गेलेली आपली मुलेच ते व्हिडिओ बघतात. फॉर्म नसता तर ३३.६० डॉलर जाऊ शकले असते. फॉर्म भरला, म्हणून ३ गेले.

अॅडसेन्समध्ये Payments info मधून Manage settings उघडा, त्यात अमेरिकेच्या कराच्या माहितीचा भाग आहे. स्वतःच्या नावाचे चॅनेल असेल तर Individual निवडा आणि फॉर्म W-8BEN घ्या. Foreign TIN च्या रकान्यात पॅन क्रमांक टाका. पुढे करार लागू आहे का, असे विचारतात. तिथे हो म्हणून देश India निवडा. कमाईच्या प्रकारांत चित्रपट-टीव्ही आणि इतर कॉपीराइट या दोन्हींवर खूण करून कलम १२ आणि १५ टक्के दर घ्या. बरेच जण ही खूणच विसरतात. फॉर्म मंजूर होतो, पण अमेरिकेच्या वाट्यावर १५ ऐवजी ३० टक्के कपात होत राहते. मंजुरीनंतर त्याच पानावर दर दिसतो, तो एकदा डोळ्यांनी बघा. नाव पॅनवर आहे तसेच लिहा. चॅनेलचे नाव तिथे चालत नाही. फॉर्म भरल्यानंतरची तीन कॅलेंडर वर्षे संपेपर्यंत चालतो, मग पुन्हा भरावा लागतो.

बँकेतले दोन प्रश्न

गुगल भारतात डॉलर वायर ट्रान्सफरने पाठवते, त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. तालुक्याच्या शाखेला तो बहुधा नसतोच. अशा वेळी बँकेच्या परकीय चलन सांभाळणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड द्यायचा आणि खाते क्रमांक व आयएफएससी मात्र आपल्याच शाखेचे. शाखेत जाऊन "परदेशातून डॉलर आले तर कुठल्या स्विफ्टवर घ्यायचे?" असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आंतरजालावर सापडलेला कोड वापरू नका.

दुसरा प्रश्न पर्पज कोडचा. पैसे कशासाठी आले हे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या कोडने नोंदवावे लागते. जाहिरात सेवेचा कोड P1007 आहे, तो सांगून बँकेला मान्य आहे का ते विचारा. पहिल्या वेळी पैसे इथेच थांबतात. अॅडसेन्स पैसे पाठवल्याचे दाखवते, खात्यात काही नाही आणि शाखेतले म्हणतात आमच्याकडे आले नाहीत. रक्कम परकीय चलन विभागात तुमच्या उत्तराची वाट बघत पडलेली असते. गुगलची पावती जोडून त्या विभागालाच ईमेल करा. फार दिवस उत्तर गेले नाही तर बँक पैसे परत पाठवते.

आता डॉलरचे रुपये. १३७ डॉलर आले. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे असे धरू. बँक त्या दराने घेत नाही, ती आपला टीटी बाइंग दर, म्हणजे परदेशातून आलेले डॉलर विकत घेण्याचा स्वतःचा दर, लावते. तो ८८.५० धरला तर १२,१२४.५० रुपये झाले. चलन बदलण्यावरचा जीएसटी लहान रकमेला किमान ४५ रुपये लागतो. बँकेचा आवक आकार जीएसटीसह २३६ रुपये धरू. हाती आले ११,८४३.५०. बाजारभावाने १२,३३० होतात, म्हणजे ४८६.५० रुपये गेले. त्यातले २०५.५० दरातल्या फरकाचे. पासबुकात ही ओळ कुठेच दिसत नाही, म्हणून लोकांना फसल्यासारखे वाटते.

उरलेले २८१ रुपये मात्र जवळजवळ ठरलेले आहेत, रक्कम लहान असो की मोठी. म्हणून मी ताईंना Payment schedule मध्ये जाऊन मर्यादा १०० वरून ४०० डॉलर करायला सांगितले. तीन महिन्यांचे ४११ डॉलर एकदम आले तर जीएसटी सुमारे ६५ रुपये आणि आवक आकार एकदाच २३६, मिळून ३०१. दरमहा घेतले असते तर ८४३ गेले असते. या काळात डॉलर पडला तर नुकसान होऊ शकते आणि घरखर्चाला पैसे लागत असतील तर हा मार्ग नको. पण महिन्याला शे-दीडशे डॉलर मिळवणाऱ्याला तो बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो.

दर वेळी बँकेकडून आवक रकमेची सूचना, म्हणजे इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस, मागा. त्यातले डॉलर गुगलच्या पावतीपेक्षा कमी असतील तर मधल्या बँकेने कापले आहेत. डॉलर जुळत असतील तर फरक दरात किंवा आकारात आहे. दर फार वाईट वाटला तर दुसऱ्या बँकेत त्याच दिवशीचा टीटी बाइंग दर विचारा.

भारतातले विवरणपत्र

कमाई १४० डॉलर दाखवायची, १३७ नव्हे. कापलेल्या ३ डॉलरचे श्रेय, म्हणजे तेवढी वजावट, भारतातल्या करातून मिळते. १९६१ च्या आयकर कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. विवरणपत्राच्या ITR-4 या नमुन्यात हे श्रेय मागायला जागाच नाही, म्हणून ITR-3 लागते. अमेरिकेत कापलेल्या कराचा गुगलकडून मिळणारा दाखला, 1042-S, कॅलेंडर वर्षाचा असतो आणि आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे अॅडसेन्सचे महिन्यामहिन्याचे व्यवहार उतरवून ठेवा. सवलतीमुळे तुमचा इथला कर शून्यच होत असेल, तर हे ३ डॉलर परत मिळत नाहीत. ताईंचे तसेच झाले.