टीएसएच ६२, पण फ्री टी-४ नॉर्मल? या चुका टाळा

समजा, एका बाईंचा टीएसएच ६२ आला आहे आणि फ्री टी-४ मात्र १.२, म्हणजे अगदी नॉर्मल. थकवा नाही, वजन वाढलेलं नाही. तरी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, डोस दोनदा वाढला. टीएसएच जेमतेम ५५ वर उतरला, फ्री टी-४ मात्र वर गेला आणि छातीत धडधडू लागलं.

पहिली चूक हीच, की दोन आकडे जुळत नसताना डोस वाढवत नेला. थायरॉइड खरोखर इतकी मंदावली असती, तर फ्री टी-४ खाली आलेला दिसला असता.

असा खोटा आकडा दोन वाटांनी येतो. टीएसएचच्या तपासणीत दोन अँटीबॉडी टीएसएचला दोन बाजूंनी पकडतात. बहुधा त्या उंदराच्या असतात. रुग्णाच्या रक्तातली हेटरोफाइल अँटीबॉडी टीएसएच नसतानाही या दोघींना जोडते आणि मशीन ते टीएसएच म्हणून मोजतं. मॅक्रो-टीएसएचमध्ये रेणू खराच असतो, पण रुग्णाचीच अँटीबॉडी त्याला चिकटलेली असते. हे मोठं जोडगोळं रक्तातून लवकर बाहेर पडत नाही, म्हणून साठत जातं. शरीरावर त्याचा परिणाम मात्र फारसा होत नाही.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवरही जास्त आलं की निर्धास्त होणं. हेटरोफाइल असेल तर आकडा बहुधा बराच बदलतो, पण मॅक्रो-टीएसएच अनेक मशीनवर जास्तच दिसतो. या बाईंचा तिथे ४१ आला. मग ब्लॉकिंग ट्यूब वापरली; तिच्यातली प्राण्यांची इम्युनोग्लोब्युलिन्स हेटरोफाइलला अडकवून ठेवतात. पहिल्या मशीनवरचा आकडा ६० राहिला, म्हणजे हेटरोफाइलची शक्यता कमी झाली. ती पूर्ण संपली असं मात्र म्हणू नका, कारण ट्यूब सगळ्याच अँटीबॉडी अडवू शकत नाही.

पुढची पायरी पीईजीची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. २०० मायक्रोलिटर सिरममध्ये तेवढंच २५ टक्के पीईजी-६००० मिसळून सेंट्रिफ्यूज करायचं. अँटीबॉडीला चिकटलेला टीएसएच तळाशी बसतो, वरच्या द्रवात मोजणी करायची. तिथे ३.१ आला. सिरम निम्मं पातळ झालं होतं, म्हणून दुपटीने ६.२, म्हणजे ६२ पैकी जेमतेम १० टक्के परत मिळालं. ही दुप्पट करायची राहून गेली, तर ५ टक्के दिसतं आणि सीमेवरचे रिपोर्ट उलटे लागतात.

सोबत खऱ्या हायपोथायरॉइड रुग्णाचं सिरम त्याच दिवशी चालवा, कारण पीईजी थोडा मोकळा टीएसएचही खाली ओढतं. म्हणूनच ६.२ हा ‘खरा टीएसएच’ म्हणून रिपोर्टवर छापू नका. हेटरोफाइलही पीईजीने खाली बसते, त्यामुळे ब्लॉकिंग ट्यूबचा निकाल शेजारी ठेवूनच अर्थ लावा. पक्का निर्णय जेल फिल्ट्रेशनने होतो: मोकळा टीएसएच सुमारे २८ किलोडाल्टनच्या जागी उतरतो, मॅक्रो-टीएसएच १५० च्या वर, बराच आधी.

बाळंतपणानंतर आईची ही अँटीबॉडी नाळेतून आलेली असल्याने बाळाच्या तपासणीतही टीएसएच वाढलेला दिसू शकतो. तेव्हा बाळाचा फ्री टी-४ तपासा आणि आईचं सिरमही मागवून घ्या.