मित्राच्या रिसेप्शनला बोलताना हशा हवा, पण जोडप्याची मान खाली जायला नको

मित्राची सगळ्यांना माहीत असलेली एकच निरुपद्रवी सवय घ्या आणि तिचा शेवट वहिनीच्या कौतुकावर करा.

१. आधी सवय सांगा: "कॉलेज रोडला आठला मिसळ ठरली की हा साडेनऊला यायचा, तोवर तर्री संपलेली!"

२. मग कलाटणी: "आज मात्र मुहूर्ताच्या आधी अर्धा तास हजर! वहिनी, आम्हाला जे कधीच जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत."

३. हशा ओसरू द्या, शुभेच्छा द्या, माईक सोडा. दोन मिनिटं पुरेत.

आदल्या दिवशी किस्सा वहिनीला ऐकवाच. तिने "म्हणजे काय?" विचारलं तर तो गाळा.

जुनी प्रेमप्रकरणं, दारू, पगार, वजन अजिबात नको. पुढच्या रांगेत सासरची आजी बसलेली असते.