बेअर पॉवर वर आली म्हणून खरेदी करताय? या चुका टाळा

बेअर पॉवरचा हिस्टोग्राम सलग तीन दिवस शून्याकडे सरकतोय, मंदीवाले दमलेले दिसतात, म्हणून खरेदी केली आणि भाव आणखी खाली गेला. बुल पॉवर आणि बेअर पॉवर वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो आणि मग ते इंडिकेटरच काढून टाकतात. माझ्या मते चूक वाचण्यात असते. आकडा हलला हे आपण पाहतो, तो कशामुळे हलला हे पाहत नाही.

हे साधन डॉ. अलेक्झांडर एल्डर यांनी १९८९ मध्ये मांडलं आणि एक्स-रेच्या धर्तीवर त्याला एल्डर-रे असं नाव दिलं. त्यामागचा विचार असा: एक्स्पोनेन्शियल सरासरी, म्हणजे ईएमए, हा बाजाराला अलीकडे साधारण पटलेला भाव. तेजीवाल्यांनी त्या भावापासून जास्तीत जास्त किती वर मजल मारली ते बारचा उच्चांक सांगतो, आणि मंदीवाल्यांनी किती खाली दाबलं ते नीचांक सांगतो.

```
EMA = EMA_prev + (Close - EMA_prev) * 2 / (N + 1)
Bull Power = High - EMA
Bear Power = Low - EMA
```

N सहसा १३ असतो. मग 2 / (N + 1) म्हणजे बरोबर एक सप्तमांश. बंद भाव आणि कालची सरासरी यांतला फरक काढायचा, सातने भागायचा आणि कालच्या सरासरीत मिळवायचा. पुढची सगळी उदाहरणं कागदावर करून पाहता येतील. आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत.

## नीचांक वर गेला की सरासरी खाली आली?

बेअर पॉवर म्हणजे दोन आकड्यांतला फरक. तो सुधारण्याचे रस्ते दोन: नीचांक वर जाईल, किंवा सरासरीच खाली येईल. हिस्टोग्रामवर दोन्ही सारखेच दिसतात. सरासरी ५०० वर असताना पुढचे तीन बार असे आले समजा:

| बार | उच्चांक | नीचांक | बंद | ईएमए | बुल पॉवर | बेअर पॉवर |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिला | ४९७ | ४८२ | ४८६ | ४९८ | −१ | −१६ |
| दुसरा | ४९२ | ४८१ | ४८४ | ४९६ | −४ | −१५ |
| तिसरा | ४८९ | ४८० | ४८२ | ४९४ | −५ | −१४ |

बेअर पॉवर उणे १६ वरून उणे १४ वर आली. पण नीचांकाचा रकाना पाहा: ४८२, ४८१, ४८०. मंदीवाले रोज नवा तळ करत आहेत. तो तळ रोज एकाच अंकाने खाली जातो आणि सरासरी रोज दोन अंकांनी, म्हणून अंतर कमी होतंय. त्यात भावाचा तळ खालचा आणि इंडिकेटरचा तळ वरचा, त्यामुळे हे चित्र तेजीच्या डायव्हर्जन्ससारखंही दिसतं आणि माणूस अधिकच फसतो. खऱ्या डायव्हर्जन्समध्ये दोन वेगळे तळ लागतात आणि त्यांच्यामध्ये बेअर पॉवर शून्याच्या वर जाऊन आलेली असावी लागते. इथे एकच घसरण चालू आहे.

यातून वाचवणारी गोष्ट मूळ नियमातच आहे. एल्डर यांची खरेदीची पहिली अट म्हणजे ईएमए वर चढत असणं. बेअर पॉवर शून्याखाली असून सुधारत असणं ही त्यानंतरची अट. लोक दुसरी अट लक्षात ठेवतात आणि पहिली विसरतात. वरच्या तिन्ही बारमध्ये सरासरी उतरते आहे, म्हणजे खरेदीचा प्रश्नच येत नाही. विक्रीचा नियम याच्या उलट: सरासरी उतरती हवी आणि बुल पॉवर शून्याच्या वर असून घटणारी हवी. इथे बुल पॉवर आधीच शून्याखाली आहे, त्यामुळे नवीन विक्रीलाही ही जागा नव्हे. बाजूला थांबायचं.

आता खऱ्या सुधारणेचं उदाहरण. सरासरी चढत चढत ५०१ वर आली आहे. आजचा बार: उच्चांक ५१०, नीचांक ४९६, बंद ५०८. बंद भाव सरासरीपेक्षा ७ ने वर, म्हणून सरासरी ५०२. बुल पॉवर ८, बेअर पॉवर उणे ६. दुसऱ्या दिवशी उच्चांक ५११, नीचांक ४९९, बंद ५०९, सरासरी ५०३. बुल पॉवर ८ वरच टिकली आणि बेअर पॉवर उणे ४ झाली. सरासरी एक अंक वर गेली असूनही बेअर पॉवर सुधारली, कारण नीचांक तीन अंकांनी वर आला. मंदीवाल्यांची पकड खरोखर सुटते आहे ती इथे.

म्हणून मी नियमाला एक अट जोडून घेतली आहे: बेअर पॉवर सुधारली पाहिजे आणि नीचांकही आदल्या बारच्या वर पाहिजे. याने काही चांगल्या संधी जातात, हे मान्य. पण केवळ सरासरी सरकल्यामुळे होणारा भास पूर्ण गळून पडतो.

## बार कोणाच्या ताब्यात, हे दोन आकडे पूर्ण सांगत नाहीत

बुल पॉवरमधून बेअर पॉवर वजा केली तर सरासरी कटते आणि उरतो उच्चांक वजा नीचांक, म्हणजे फक्त बारची लांबी. त्यामुळे बार आखूड होत गेले की दोन्ही आकडे आपोआप जवळ येतात. वरच्या तक्त्यात लांबी १५, ११, ९ अशी घटली आहे. बेअर पॉवरच्या ‘सुधारणे’त तिचाही हात आहे, आणि त्याच वेळी बुल पॉवर बिघडत होती. एकच हिस्टोग्राम चार्टवर ठेवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. दोन्ही ठेवा, सरासरीची रेषा भावावर ठेवा.

काही चार्टवर दोन्हींची बेरीज एकाच हिस्टोग्राममध्ये दिसते. ती चुकीची नाही, पण ती बारच्या मध्यबिंदूचं सरासरीपासूनचं दुप्पट अंतर असते. अधिक ८ आणि उणे ६ यांची बेरीज २. अधिक २ आणि शून्य यांचीही २. पहिल्यात दोन्ही बाजूंनी जोर लावला आहे, दुसऱ्यात मंदीवाले सरासरीच्या खाली गेलेच नाहीत. बेरजेवर एल्डर यांचा नियम लावताच येत नाही.

याहून बारीक गोष्ट बंद भावाची. वरचा ५१० ते ४९६ चा बार ५०८ ऐवजी ४९८ वर, म्हणजे तळाशी बंद झाला असता तर? तेजीवाल्यांनी दिवसभरात कमावलेलं सगळं गमावलं, असा तो बार. पण सरासरी ५००.५७ वर आली असती, बुल पॉवर ९.४३ आणि बेअर पॉवर उणे ४.५७. बार कमजोर आणि दोन्ही आकडे आधीपेक्षा चांगले! कारण उघड आहे: उच्चांक आणि नीचांक तेच राहिले, बंद भावाने फक्त सरासरीला खाली ओढलं. हा बिघाड दिसतो तो सरासरीच्या उतारात आणि बंद भाव बारमध्ये कुठे आहे यात. दोन आकडे सांगतात की कोण कुठपर्यंत पोचलं. शेवटी मैदान कोणाकडे राहिलं ते बंद भावच सांगतो.

## अपुरा बार वाचणं

या चुकीने माझं सर्वात जास्त नुकसान केलं. बार उघडतो त्या क्षणी उच्चांक, नीचांक आणि चालू भाव एकच असतात. मंदीवाल्यांना अजून वेळच मिळालेला नसतो. म्हणून चालू बारची बेअर पॉवर सुरुवातीला जवळजवळ नेहमीच सुधारल्यासारखी दिसते.

वरच्या उदाहरणातला तिसरा दिवस घ्या. बाजार ५१० वर उघडला. कालची सरासरी ५०३, त्यामुळे त्या क्षणी चार्टवरची सरासरी ५०४, बुल पॉवर ६ आणि बेअर पॉवरही ६. कालची उणे ४ एकदम अधिक ६ झाली, असं वाटून कोणी ५१० ला घेतलं. मग दिवसभरात भाव ४९५ पर्यंत घसरला आणि ४९६ वर बंद झाला. सरासरी ५०२, बेअर पॉवर उणे ७.

कालचा बार पूर्ण झाल्यावर ज्याने त्याच्या उच्चांकाच्या वर, म्हणजे ५११ च्या जरा वर, स्टॉप ऑर्डर लावली होती, त्याची खरेदी झालीच नाही. सरासरी ५०३ वरून ५०२ वर आल्याने पहिली अट मोडली, तेव्हा ती ऑर्डर संध्याकाळी काढून टाकायची. ऑर्डर विसरून पडून राहणं ही वेगळी आणि महागडी चूक आहे.

पाइन स्क्रिप्टमध्ये हे सगळं असं लिहिता येतं. `barstate.isconfirmed` मुळे अपुऱ्या बारवर खूण उमटत नाही:

```
//@version=5
indicator("Elder-Ray", overlay=true)
e = ta.ema(close, 13)
bear = low - e
ok = e > e[1] and bear < 0 and bear > bear[1] and low > low[1] and barstate.isconfirmed
plotshape(ok)
```

## दोन चार्टवर आकडे वेगळे आले तर

आधी सरासरीचा कालावधी जुळतो का ते पाहा, मग किती जुना डेटा घेतला आहे ते. ईएमएची सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि त्या पहिल्या आकड्याचा अंश बराच काळ मागे उरतो: १३ बारनंतरही सुमारे १३.५ टक्के, ५० बारनंतर मात्र नगण्य. वर्कशीटमध्ये हिशेब करत असाल तर पहिले ५० बार सोडून द्या. समभाग विभाजनानंतर जुने भाव समायोजित केले नसतील, तर सरासरी कित्येक बार जुन्याच पातळीजवळ लटकते आणि बुल पॉवरही खोल उणे दिसते. तो बाजाराचा कौल समजू नका. हायकेन आशी चार्टवर तर उच्चांक, नीचांक आणि बंद भाव हे मुळात व्यवहार झालेले भाव असतीलच असं नाही, म्हणून तिथे हे साधन लावूच नये.

आणि ५०० च्या समभागाची उणे ६ व ५००० च्या समभागाची उणे ६ यांची तुलना करू नका. तुलना हवीच असेल तर आकड्याला त्या वेळच्या सरासरीने भागून टक्केवारी काढा: पहिल्याची उणे १.२ टक्के येते, दुसऱ्याची उणे ०.१२.