हॉटेलच्या बुकिंगचा कागद घरच्यांसाठी मराठीत कसा उतरवावा

सहलीला आठ-दहा जण निघाले की बुकिंग एकाच्या मोबाइलवर असतं आणि प्रश्न बाकीच्यांना असतात. इंग्रजी कागद ग्रुपवर टाकला तर कुणी वाचत नाही, आणि शब्दाला शब्द लावून केलेला तर्जुमा मराठीतही कळत नाही. उदाहरणादाखल असं धरा की पुण्याहून तारकर्लीला जायचंय. तीन खोल्या, शुक्रवार १६ ते रविवार १८ जानेवारी २०२६, खोलीला एका रात्रीचे ४,००० रुपये, सगळे पैसे आधीच भरलेले.

सुरुवात तारखांपासून करा. कागदावर ‘टू नाइट्स’ असतं. त्याचं ‘दोन दिवस’ करू नका, कारण घरी दोन दिवस म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत खोली आपली असं धरतात. ‘शुक्रवारची आणि शनिवारची रात्र मुक्काम, रविवारी सकाळी ११ वाजता खोली सोडायची’ असं लिहा.

मग वेळ. एएम-पीएम तसंच ठेवू नका. यात सगळ्यात घातक आहे ते ‘१२ एएम’. ‘फ्री कॅन्सलेशन अंटिल १४ जानेवारी, १२:०० एएम’ याचं मी एका सहलीच्या वेळी सरळ ‘१४ तारखेला रात्री १२ पर्यंत’ केलं होतं. आत्याने १४ला दुपारी फोन करून येणं रद्द केलं, तोवर मुदत संपून चौदा तास झाले होते. १४ तारीख सुरू होते तो क्षण म्हणजे १२ एएम. आपल्या बोलण्यात ती १३ची रात्र. त्यामुळे आता मी लिहितो, ‘मंगळवारी, भोगीच्या रात्री बाराच्या आत सांगा. संक्रांतीच्या दिवशी सांगितलंत तर पैसे कापले जातील.’ तारीख कुणी विसरेल, भोगी विसरत नाही. काही हॉटेलं तारखेऐवजी ‘चेक-इनच्या ४८ तास आधी’ म्हणतात. तिथे हे तास खोलीच्या ताब्याच्या वेळेपासून मागे मोजायचे. शुक्रवारी दुपारी २ पासून मोजले तर बुधवारी दुपारी २.

दंडाचं वाक्य भाषांतरित करू नका, त्याचा हिशोब मांडा. ‘मुदतीनंतर पहिल्या रात्रीचं भाडं आकारलं जाईल’ म्हणजे तीन खोल्यांचे १२,००० गेले, भरलेल्या २४,००० पैकी १२,००० परत. ‘नो-शो’ म्हणजे न कळवता गेलोच नाही, तर या कागदाप्रमाणे पूर्ण २४,००० गेले. एकच खोली रद्द करायची झाली तर? तिन्ही खोल्या एका बुकिंग नंबरवर असतील तर हे कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. फोन करून विचारा आणि उत्तर मेसेजवर मागून घ्या.

आता ते गुळमुळीत शब्द. ‘अर्ली चेक-इन सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’ याचं ‘उपलब्धतेनुसार’ केलं की आजीला वाटतं, मिळणार. रात्रीच्या बसने सकाळी सातला पोचलात आणि ताबा दुपारी २ ला, तर मध्ये सात तास आहेत. ‘खोली रिकामी असली तरच आधी मिळेल, खात्री नाही’ असं स्पष्ट लिहा, आणि सामान ठेवून हातपाय धुवायची सोय आहे का ते विचारून पुढे जोडा. ‘चार्जेस मे अप्लाय’ दिसलं की आकडा विचारल्याशिवाय ते वाक्य मराठीत आणूच नका.

ओळखपत्राची ओळ मात्र नावनिशीवार हवी. प्रत्येक मोठ्या माणसाने आधार किंवा लायसन्स घ्यावं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बऱ्याच हॉटेलांत चालत नाही. ‘लोकल आयडी नॉट अॅक्सेप्टेड’ असेल तर त्याच भागातल्या पत्त्याच्या माणसाला खोली देत नाहीत. मालवणचा मामेभाऊ मुक्कामाला येणार असेल तर हे आधीच मिटवा.

सगळं झाल्यावर मेसेज एवढाच:

‘शुक्रवारी दुपारी २ ला खोल्या मिळतील, रविवारी सकाळी ११ ला सोडायच्या. सकाळचा नाश्ता धरलेला आहे, जेवण वेगळं. यायचं नसेल तर भोगीच्या रात्री बाराच्या आत मला फोन करा, नंतर खोलीमागे ४,००० जातील. आधार कार्ड बरोबर घ्या.’

याच्याखाली मूळ इंग्रजी कागदाचा फोटो टाका. हॉटेलचं नाव, पत्ता आणि बुकिंग नंबर मराठीत उतरवत बसू नका. काउंटरवर तो फोटोच दाखवायचा असतो, आणि वाद झाला तर तिथे मूळ मजकूरच धरतात.